मोत्याचा उजवा डोळा

पांढऱ्यावर तपकिरी डाग असलेल्या कुत्र्याचं चित्र आणि मोत्याचं चित्र यांत फरक असतो. तो फरक आधी चित्रकाराला कळत नाही, घरच्यांना कळतो. चित्रातली केसाळ छाती, ओलसर नाक, चमकणारे डोळे सगळं नीट उतरलेलं असतं आणि तरी घरातली बाई चित्रासमोर उभी राहून म्हणते, "कुत्रा चांगला हाय जी, पन हा मोत्या नाई हाय."

यंदाच्या अंकासाठी संपादकांनी ‘घरातली मुकी माणसं’ हा विषय दिला, तेव्हा मला वर्ध्यातल्या आर्वी नाक्याकडच्या एका गल्लीतली खोली आठवली. तिथे एक चित्रकार पाळीव जनावरांच्या फोटोंवरून तैलचित्रं करतात. नाव छापू नका म्हणाले, म्हणून त्यांना इथे सगळा मोहल्ला म्हणतो तसं ‘दादा’ म्हणतो. त्यांची उमेदीची वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवण्यात गेली. फ्लेक्स आला आणि ते काम आटलं. मग वारलेल्या आजी-आजोबांच्या पासपोर्ट फोटोंवरून भिंतीवर लावायच्या मोठ्या तसबिरी करू लागले. त्याच गिऱ्हाइकांपैकी कुणीतरी एकदा मेलेल्या कुत्र्याचा फोटो घेऊन आलं. आता त्यांच्याकडे माणसांपेक्षा कुत्री-मांजरं जास्त येतात, आणि पोळ्याच्या आगेमागे बैल.

मी गेलो तेव्हा सेलूकडच्या एका घरातल्या मोत्याचं काम सुरू होत होतं. मोत्या पावसाळ्यात गेला होता. पुण्यात नोकरीला असलेल्या मुलाने आईसाठी चित्र सांगितलं होतं आणि सोबत तीन फोटो धाडले होते.

तीन फोटो, तीन मोत्या

पहिला फोटो घरातल्या लग्नाच्या रात्रीचा, फ्लॅश मारून काढलेला. मोत्या थेट कॅमेऱ्याकडे बघतोय, पण दोन्ही डोळ्यांच्या जागी हिरवट-पिवळे दिवे. कुत्र्याच्या डोळ्यात पडद्यामागे प्रकाश परतवणारा एक थर असतो, त्यामुळे अंधारात त्याला आपल्यापेक्षा बरं दिसतं. फ्लॅशचा उजेड त्याच थरावरून उलटून येतो. अशा फोटोत बुबुळाचा रंग गेला, बाहुलीची कड गेली आणि नजर कुठे होती तेही गेलं. दादांनी हा फोटो फक्त छातीवरच्या डागासाठी बाजूला ठेवला.

दुसरा फोटो भाचीने काढलेली सेल्फी. यात भाव सुरेख आलाय. मान किंचित कललेली, एक कान उभा, एक मोडलेला. हाच चेहरा काढायचा असं मुलाने कळवलं होतं. पण फोन हातभर अंतरावर होता आणि कुत्र्याने तोंड पुढे केलं होतं. नाक फोनपासून फूटभर लांब असेल तर डोळे त्याच्या मागे आणखी चार इंच असतात. म्हणजे डोळ्यांच्या मानाने नाक तिसऱ्या हिश्शाने मोठं दिसतं. तेच सहा फुटांवरून बघितलं तर हा फरक जेमतेम सहा टक्क्यांवर येतो. घरची माणसं जनावराला बहुतेक वेळ चार-सहा फुटांवरून बघत असतात, त्यांच्या डोळ्यांत तेच माप बसलेलं असतं. सेल्फी जशीच्या तशी गिरवली तर बटाट्यासारख्या नाकाचा परका कुत्रा उभा राहतो.

तिसरा फोटो अंगणातला, उभ्याने वरून काढलेला. पाय आखूड, डोकं मोठं, भाव काही नाही. पण उजेड सकाळचा आणि डाग स्वच्छ दिसतात.

अडचण अशी की सेल्फीत तपकिरी डाग मोत्याच्या डाव्या डोळ्यावर होता आणि अंगणातल्या फोटोत उजव्या. कित्येक फोनचा पुढचा कॅमेरा आरशासारखी उलटी प्रतिमा जपून ठेवतो. माणसाच्या फोटोत हे फारसं कुणाच्या ध्यानात येत नाही, डागाच्या जनावरात मात्र सगळा चेहराच पालटतो. उलटा कोणता हे ओळखायला दादा फोटोतली अक्षरं शोधतात. सेल्फीत मागे भिंतीवर कॅलेंडर होतं आणि त्याचे आकडे उलटे होते. दादांनी छापण्याआधी सेल्फी आडवी फिरवून घेतली. "हे सुरवातीला पाह्यलं नाई," ते म्हणाले, "तर अख्खं चित्र होते अन् मंग आई म्हनते, डाग तर त्या आंगाला होता."

भावासाठी सेल्फी, नाकाच्या मापासाठी आणि डागांसाठी अंगणातला फोटो, छातीसाठी लग्नातला, असं काम वाटलं गेलं. चित्र एका फोटोवरून होतं हा आपला समज आहे. हातखंडा माणूस फोटोंची एकमेकांशी उलटतपासणी करतो, आणि फोटो गप्प बसतात तिथे घरच्यांना विचारतो.

पट्ट्याचा लाल

घरच्यांकडून दादा एक वस्तू आवर्जून मागवतात, ती म्हणजे गळ्यातला पट्टा. मला वाटलं तो चित्रात काढायचा असेल. खरं कारण वेगळं होतं.

अंगणातल्या फोटोत वर निळी ताडपत्री होती, त्यामुळे मोत्याचे पांढरे केस निळसर आले होते. लग्नाच्या फोटोत तेच केस पिवळट. मोत्याचा तपकिरी रंग एकात चहासारखा, दुसऱ्यात विटेसारखा. मग खरा कोणता? दादांनी मोत्याचा लाल पट्टा खिडकीपाशी धरला आणि शेजारी अंगणातल्या फोटोची छापील प्रत ठेवली. फोटोतला पट्टा जांभळ्याकडे झुकलेला होता. याचा अर्थ त्या फोटोत सगळ्यावरच निळा चढलाय, आणि तो किती ते पट्ट्यावरून कळलं. तेवढा निळा मनातल्या मनात काढून टाकायचा की डागाचा तपकिरी आपोआप उबदार होतो. छापून आणलेल्या प्रतीचे रंग आणि फोनच्या पडद्यावरचे रंगही जुळत नाहीत, तिथेही पट्टाच कामी येतो.

त्या तपकिरीसाठी त्यांनी बर्न्ट सिएना घेतला, त्यात थोडा यलो ऑकर, सावलीकडे बर्न्ट अंबर. काळा रंग त्यांच्या पाटीवर नव्हताच. नाकाचा आणि पापण्यांचा काळा ते बर्न्ट अंबर आणि अल्ट्रामरीन निळा मिसळून करतात. नळीतला काळा चित्रात भोकासारखा बसतो, हा मिश्र काळा मात्र निळ्याकडे किंवा तपकिरीकडे हवा तसा झुकवता येतो. पांढऱ्या केसांचंही तसंच. पांढरा कुत्रा पांढऱ्या रंगाने रंगवला की चुना फासल्यासारखा दिसतो. बहुतेक भाग राखाडीच्या उबदार आणि थंड छटांचा असतो, निव्वळ पांढरा फक्त ऊन पडलेल्या दोन-चार जागांवर.

डाग कुठे संपतो

छापील फोटो सहा बाय आठ इंचांचा, कॅनव्हास बारा बाय सोळाचा. फोटोवर इंचाच्या चौकटी आखल्या आणि कॅनव्हासवर दोन इंचांच्या. दोन्हीकडे अठ्ठेचाळीस चौकटी, एकीतलं दुसरीत उतरवत जायचं. पाट्या रंगवणाऱ्यांची ही जुनी रीत. डोळ्यांच्या आणि नाकाच्या चौकटी दादा पुन्हा चारात विभागतात, कारण तिथे सुताएवढी चूकही दिसते. नाकाचं माप त्यांनी सेल्फीतून न घेता अंगणातल्या फोटोशी ताडून लहान केलं.

आखणी झाल्यावर ते डागाच्या कडेवर आले, आणि इथे मी सगळ्यात जास्त वेळ बसलो.

जनावरावरचे डाग नक्षीसारखे ठरलेले नसतात. गर्भात रंग तयार करणाऱ्या पेशी पाठीच्या कण्याजवळून निघतात आणि दोन्ही अंगांनी खाली पसरत जातात. जिथपर्यंत त्या पुरेशा पोचत नाहीत तो भाग पांढरा राहतो. म्हणून छाती, पायांचे पंजे, शेपटीचं टोक आणि कपाळाची मधली पट्टी ही पांढऱ्याची नेहमीची ठिकाणं. कोणत्या पिलात त्या किती पोचतील यात नशिबाचा भाग मोठा, म्हणून एका वेतातली दोन पिलंही सारखी नसतात. तिरंगी मांजरीची गोष्ट आणखी पुढची. तिथे प्रत्येक पेशी दोन एक्स गुणसूत्रांपैकी एक बंद करते, त्यातून नारिंगी आणि काळ्याची विभागणी होते. टेक्सासमध्ये २००१ साली तिरंगी मांजरीची पहिली क्लोन जन्माला आली, तीही मूळ मांजरीसारखी दिसली नाही. तिच्या अंगावर नारिंगी नव्हताच. जे गुणसूत्रांनाही दुसऱ्यांदा जमलं नाही ते चित्रकाराला जमवायचं असतं, म्हणून ‘साधारण असा डाग’ इथे चालत नाही.

तरीही घरचे डागाचा आकार तेवढा ओळखतात असं नाही, ते त्याची कड ओळखतात. आणि कड केसांच्या दिशेवर ठरते. कुत्र्याच्या तोंडावर केस नाकापासून कपाळाकडे जातात, डोळ्यापासून कानाकडे वळतात. मोत्याच्या उजव्या डोळ्याभोवतीच्या डागाला खालची, म्हणजे नाकाकडची, कड होती. तिथे पांढरे केस तपकिरी भागात शिरतात, त्यांची टोकं तपकिरीवर पसरलेली दिसतात. वरच्या, कपाळाकडच्या कडेला उलटं. तिथे तपकिरी केसांची टोकं पांढऱ्यावर आलेली. आणि नाकाच्या बाजूने जाणाऱ्या कडेला केस कडेला समांतर, तिथे रेघ जवळजवळ सरळ आणि स्वच्छ. एकाच डागाला तीन प्रकारच्या कडा.

त्यावरून रंग लावायचा क्रम ठरतो. खालच्या कडेला दादांनी आधी तपकिरी भरला, तो हाताला लागेनासा झाल्यावर बारीक लायनर कुंचल्याने पांढरी टोकं त्यावर ओढली. वरच्या कडेला आधी पांढरा, मग त्यावर तपकिरी टोकं. समांतर कडेला फक्त सपाट कुंचल्याची एक मऊ ओढ. अननुभवी हात डागाभोवती सगळीकडे सारखीच करवती कड काढतो आणि डाग कापून चिकटवल्यासारखा दिसतो. असं चित्र लांबूनही ओळखता येतं.

एकेक केस रंगवायचा मोहही असाच नडतो. दादा आधी उजेड-सावलीचे मोठे भाग टर्पेंटाइनने पातळ केलेल्या रंगात मांडतात. वरच्या थरांत जवसाचं तेल वाढवत नेतात, कारण खालचा थर तेलकट आणि वरचा कोरडा झाला तर पुढे तडे जातात. केस शेवटी, आणि तेही फक्त कडांवर, कानाच्या टोकावर, छातीच्या भोवऱ्यापाशी. बाकीचे केस पाहणाऱ्याचा डोळा स्वतः भरतो. सगळीकडे केस काढले की कुत्रा पावसात भिजून आल्यासारखा दिसतो.

ॲक्रिलिक का नाही, असं मी विचारलं. त्यांनी खिडकीकडे हात केला. वर्ध्याच्या मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, पाटीवर ॲक्रिलिक काढला की कुंचला बुडवेपर्यंत त्यावर साय धरते. शिवाय तो सुकल्यावर थोडा गडद होतो, मग काल लावलेला तपकिरी आज जुळत नाही. तैलरंग ओला राहतो तोवर कडा मऊ करता येतात. त्याची किंमत वेळात मोजावी लागते. पावसाळ्यात थर वाळता वाळत नाहीत, आणि वॉर्निश तर निदान सहा महिने लावू नये.

"मोत्या नाई हाय"

चित्र जवळपास पुरं झाल्यावर आई बघायला आल्या. लेखाच्या सुरुवातीचं वाक्य त्यांचंच. डाग बरोबर, कानाचं फाटलेलं टोक बरोबर, तोंडाजवळचे पिकलेले केसही बरोबर. म्हातारपणीचा मोत्या काढायचा की तरणा, हे आधीच विचारून घेतलं होतं. "मंग काय नाई पटून राह्यलं काकू?" दादांनी विचारलं. त्यांना सांगता येईना. थोड्या वेळाने म्हणाल्या, "हा भीत नाई. माया मोत्या मले इचारे."

एवढ्यावरून काय दुरुस्त करायचं? दादांनी कॅनव्हास आणि फोटो दोन्ही उलटे टांगले, पाय वर डोकं खाली. उलट्या चेहऱ्याला आपण चेहरा म्हणून वाचत नाही, नुसते आकार आणि अंतरं दिसतात. मग सापडलं. सेल्फीत मोत्याच्या उजव्या भुवईचं आतलं टोक वर उचललेलं होतं, चित्रात दोन्ही भुवया एका रेषेत होत्या. फरक दोन-तीन मिलिमीटरचा.

कुत्र्याच्या भुवईचं हे आतलं टोक उचलणारा एक छोटा स्नायू असतो. ज्युलिएन कामिन्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तो कुत्र्यांत नीट वाढलेला आढळला, लांडग्यांत त्या जागी विरळ तंतूच होते. माणसासोबत राहताना कुत्र्याच्या चेहऱ्यात झालेला हा बदल असावा, असं त्यांचं म्हणणं. भुवई आतून उचलली की डोळा मोठा आणि आर्जवी दिसतो. आईंना ‘विचारणारा’ वाटत होता तो मोत्या याच स्नायूतला. दादांनी ते टोक वर घेतलं, त्यासोबत वरच्या पापणीची कमान आतल्या कोपऱ्यापाशी थोडी उभी केली आणि भुवईवर दोन तिरप्या घड्या दिल्या. नुसती भुवई उचलली असती तर ती वरून चिकटवल्यासारखी झाली असती, कारण ती उचलताना पापणी आणि कातडीही सोबत ओढली जाते.

डोळ्यात आणखी दोन गोष्टी त्यांनी दाखवल्या. एक, चमकेचा ठिपका. तो दोन्ही डोळ्यांत घड्याळाच्या एकाच आकड्यावर हवा, कारण खिडकी एकच आहे. ठिपका ज्या बाजूला, त्याच्या समोरच्या बाजूला बुबुळ खालून किंचित उजळ होतं. फ्लॅशच्या फोटोवरून गिरवलं तर ठिपका बाहुलीच्या मधोमध येतो आणि डोळा काचेचा वाटतो. दुसरी, डोळ्यातला पांढरा भाग. कुत्रा समोर बघत असताना तो जवळजवळ दिसत नाही. तसबिरी करणाऱ्या हाताला माणसाच्या डोळ्यांची सवय असते, तो नकळत दोन्ही कोपऱ्यांत पांढरं सोडतो आणि कुत्र्याच्या तोंडातून माणूस बघू लागतो. दादा म्हणाले, ही सवय मोडायला त्यांना सगळ्यात जास्त वेळ लागला.

दुरुस्तीनंतर चित्र आईंना लगेच दाखवलं नाही. शेजारचं लहान पोरगं, जे रोज मोत्यासोबत खेळायचं, त्याला काही न सांगता खोलीत आणलं. त्याने नावाने हाक मारली. दादांच्या लेखी चित्र तेव्हा पुरं झालं.

ज्याला डागच नाही

मोत्याला डागांचा आधार होता. आर्वी, आष्टी, कारंजा (घाडगे) या आपल्या जिल्ह्याच्या तालुक्यांतली गवळाऊ गुरं तशी नव्हेत. ती पांढरी. वळूच्या मानेवर आणि वशिंडावर राखाडी छटा गडद असते, बैलात ती फिकी. मराठ्यांच्या फौजांत वेगाने ओझी वाहायला ही गुरं वापरली जात असं सांगतात. या जातीसाठी कारंजा तालुक्यात हेटीकुंडीला सरकारी पैदास केंद्रही आहे. पण एका पांढऱ्या बैलाचं चित्र दुसऱ्या पांढऱ्या बैलापेक्षा वेगळं कसं करायचं?

आर्वीकडच्या एका शेतकऱ्याच्या फोनमध्ये त्याच्या बैलाचे भरपूर फोटो होते आणि एकही कामाचा नव्हता. सगळे पोळ्याचे. कपाळावर बाशिंग, शिंगांना रंग आणि बेगड, पाठीवर झूल, गळ्यात घुंगरमाळा. बैल ओळखू यावा अशा सगळ्या जागा नेमक्या सजावटीखाली. दादांनी त्याला परत धाडलं आणि सकाळी साध्या बैलाचे फोटो काढून आणायला सांगितलं: समोरून, दोन्ही कुशींनी आणि तिरपा. बैल अजून गोठ्यात होता म्हणून हे जमलं.

पांढऱ्या बैलात ओळख हाडांवर आणि कातडीच्या घड्यांवर जाते. गवळाऊचं तोंड लांबट आणि नाकाकडे निमुळतं, शिंगं आखूड, बोथट आणि किंचित मागे कललेली. एवढं तर सगळ्या जातीचं झालं. या बैलाचं एक शिंग दुसऱ्यापेक्षा थोडं जास्त मागे होतं, वशिंड डावीकडे झुकलेलं, गळ्याखालच्या पोळीला मधोमध एक खोल घडी आणि मानेवर जुवाचा घट्टा. पांढऱ्यावर हे दिसायला उजेड बाजूने हवा. दुपारचं ऊन डोक्यावर असलं की सगळ्या घड्या बुजतात. सकाळच्या तिरप्या उन्हात प्रत्येक घडीला सावली मिळते, आणि चित्र खरं तर त्या सावल्यांचं असतं. बैलाची बाहुली गोल नसते, आडवी लांबट असते. ती गोल काढली तर बाकी सगळं जमूनही डोळा उपरा दिसतो. कानातला बारा आकड्यांचा पिवळा बिल्ला काढायचा की नाही, यावर घरात वाद झाला. शेतकऱ्याने शेवटी तो ठेवायला सांगितला. तसा होता, तसाच असू द्या म्हणाला.

एकाच, विशिष्ट जनावराला समोर ठेवून त्याची कातडी, घड्या, साखळदंड टिपण्याचं काम आपल्याकडे जुनंच आहे. पुण्यात पेशव्यांच्या शिकारखान्यातल्या गेंड्याचं चित्र गंगाराम तांबट यांनी १७९० मध्ये केलं. चार्ल्स मॅलेट या इंग्रज वकिलासाठी काम करणारा हा मराठी चित्रकार. त्याच्यासमोर जनावर प्रत्यक्ष उभं होतं. दादांपाशी बहुतेक वेळा ते गेल्यावरचा फोन येतो, आणि त्यातले फोटो कधीच चित्रासाठी काढलेले नसतात.

काही फोटो ते परत करतात. फोटो मोठा करून बघताना पापणीची रेघ बुबुळापासून वेगळी दिसत नसेल तर समोरून चेहरा काढायला ते नकार देतात. अशा वेळी बसलेल्या कुत्र्याची लांबून दिसणारी आकृती काढतात, मान आणि कान यांवरून ओळखू येईल अशी. माहीत नसलेले डोळे मनाने भरायचे नाहीत, हा त्यांचा नियम मला पटला. मनाने भरलेले डोळे सुंदर असतात आणि दुसऱ्याच कुत्र्याचे असतात.

घरात जनावर असेल तर

म्हणून ज्यांच्या घरात आज मांजर, कुत्रा, गाय, बैल आहे त्यांना एक विनंती. चित्र काढायचं मनात नसलं तरी सकाळच्या उजेडात, सावलीत पण उघड्यावर, त्याचे काही फोटो काढून ठेवा. फ्लॅश बंद ठेवा. त्याच्या डोळ्यांच्या उंचीला खाली बसा. पाच-सहा फूट मागे सरका आणि जवळून हवं असेल तर दुप्पट झूम करा. पुढच्या कॅमेऱ्याने काढू नका. समोरून एक, दोन्ही बाजूंनी एकेक, छातीचा एक, आणि तुम्ही हाक मारल्यावर ते जसं बघतं तसा एक. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा फोटो पाठवला की तो दबून लहान होतो, म्हणून पाठवायचाच झाला तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा आणि मूळ फोटो पुसू नका. आणि त्याच्या गळ्यातला पट्टा जपून ठेवा.